हर्स्ट ०.६१ आला, तरी थांबा

प्रश्न: एका शेअरच्या दोन वर्षांच्या रोजच्या भावांवरून आर/एस पद्धतीने हर्स्ट एक्स्पोनंट काढला, ०.६१ आला. पहिल्या लॅगचं ऑटोकोरिलेशन मात्र ०.०३ आहे. शेअर ट्रेंडिंग धरून मोमेंटम लावू, की मीन रिव्हर्जन?

उत्तर:

या आकड्यांवरून दोन्हींपैकी काहीच लावू नका. तुमचा ०.६१ हा बहुधा ट्रेंडचा पुरावा नाहीच. शुद्ध गोंगाटातूनही असा आकडा सहज निघतो.

एवढ्यावर थांबलो असतो, पण अशाच एका आकड्यावरून माझं एका जुन्या सहकाऱ्याशी जे वाजलं होतं ते अजून मिटलेलं नाही, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

मी तेव्हा एका छोट्या ट्रेडिंग डेस्कवर होतो. माझ्या शेजारी बसणारा गृहस्थ हुशार होता, गणित पक्कं, बोलणं त्याहून पक्कं. एके दिवशी त्यानं एका शेअरचे दोनेक वर्षांचे, म्हणजे पाचशेच्या आसपास रोजचे रिटर्न घेतले, हर्स्ट काढला आणि पडद्यावर दाखवला: ०.६२. पुस्तकात लिहिलंय, ०.५ च्या वर ट्रेंड, खाली मीन रिव्हर्जन. ०.६ च्या वर म्हणजे दणदणीत ट्रेंड. वरिष्ठ खूश. ब्रेकआउटवर विकत घ्यायचं आणि ट्रेलिंग स्टॉप लावून बसायचं, असं तिथल्या तिथे ठरलं.

मी एवढंच म्हटलं, की हाच प्रोग्राम याच रिटर्नचा क्रम पिसून पुन्हा चालवू या. पत्ते पिसतात तसे. प्रत्येक दिवसाचा रिटर्न तोच, सगळ्यात मोठी वाढ तीच, सगळ्यात मोठी पडझड तीच, सरासरी आणि व्होलॅटिलिटीही तीच, फक्त कोणता दिवस कोणत्या दिवसानंतर आला हे विसरायचं. ट्रेंड किंवा रिव्हर्जन असेल तर ते क्रमातच असणार, दुसरीकडे कुठे? मग क्रम मोडल्यावर हर्स्ट ०.५ वर यायला हवा. खालच्या ओळींत p म्हणजे भावांची pandas मालिका, np म्हणजे numpy आणि hurst_rs म्हणजे तुमचाच आर/एस प्रोग्राम.

```python
r = np.log(p).diff().dropna().values
H0 = hurst_rs(r)
sh = [hurst_rs(np.random.permutation(r)) for _ in range(1000)]
print(H0, np.mean(sh), np.percentile(sh, [2.5, 97.5]))
```

तो ०.५ वर आला नाही. पिसलेल्या रिटर्नचा सरासरी हर्स्ट ०.५८ आला आणि शंभरातले पंच्याण्णव आकडे साधारण ०.५१ ते ०.६४ मध्ये पडले. त्याचा ०.६२ त्या पट्ट्याच्या पोटात बसलेला. थोडक्यात, ज्यात ट्रेंड असूच शकत नाही अशा मालिकेलाही तो प्रोग्राम अर्ध्या वेळा ‘ट्रेंडिंग’ म्हणून ०.५८ च्या वरचं प्रमाणपत्र देत होता.

यावर त्याचं उत्तर होतं, ‘‘पिसल्यावर तो शेअरच राहत नाही.’’ अहो, तेच तर पाहायचं होतं! शेअर न राहिलेल्या मालिकेलाही तोच आकडा येत असेल तर तो आकडा शेअरबद्दल काहीच सांगत नाही. पण बैठकीत शेवटचं वाक्य त्याचं होतं आणि वरिष्ठांना शेवटचं वाक्य आवडतं.

आता हा ०.५८ येतो कुठून ते सांगतो, कारण ‘छोट्या नमुन्यात बायस असतो’ एवढं म्हणून सगळे पुढे जातात. आर/एस पद्धतीत आपण समजा दहा दिवसांची खिडकी घेतो, सरासरीपासूनचे फरक एकावर एक जमवत जातो, त्या जमवलेल्या रेषेचं सर्वोच्च आणि सर्वात खालचं टोक यांतलं अंतर म्हणजे आर, आणि त्याला त्याच खिडकीच्या स्टँडर्ड डेव्हिएशनने, म्हणजे एसने भागतो. मग वीस, पन्नास, शंभर दिवसांच्या खिडक्या. लॉग-लॉग आलेखावरचा उतार म्हणजे हर्स्ट. गोंगाटासाठी हे गुणोत्तर खिडकीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं, म्हणून उतार ०.५, असं आपण शिकतो. पण ते फक्त प्रचंड मोठ्या खिडक्यांसाठी खरं आहे. दहा दिवसांच्या खिडकीत वाट फक्त दहा ठिपक्यांवर दिसते, खरं शिखर आणि खरी दरी ठिपक्यांच्या मध्येच राहून जातात, त्यामुळे आर तोकडा पडतो. शंभर दिवसांच्या खिडकीत तो त्या मानाने कमी तोकडा पडतो. डावीकडचं टोक जास्त खाली, उजवीकडचं कमी खाली, म्हणून रेषा उगाचच चढी दिसते.

किती चढी, याचं अचूक सूत्र ॲनिस आणि लॉइड यांनी १९७६ मध्येच दिलंय. त्यानुसार नॉर्मल गोंगाटात दहा दिवसांच्या खिडकीचं अपेक्षित गुणोत्तर ३.०२ आणि शंभर दिवसांचं ११.४५. वर्गमुळाचा नियम लागू असता तर ३.०२ ला दहाच्या वर्गमुळाने गुणून ९.५५ यायला हवं होतं. प्रत्यक्षात ११.४५ ला ३.०२ ने भागून लॉग घेतला की उतार ०.५८ निघतो. म्हणजे दहा ते शंभर दिवसांच्या खिडक्या वापरणाऱ्यासाठी शून्यरेषा ०.५८ आहे, ०.५ नाही. तुमचा ०.६१ तिच्यापासून किती लांब आहे ते तुम्हीच बघा.

हर्स्टसाहेबांना यातलं काही आडवं आलं नाही, कारण त्यांचा प्रश्नच वेगळा होता. ते जलतज्ज्ञ, नाइलवरच्या धरणात किती पाणी साठवायची सोय लागेल याचा हिशेब करत होते, आणि त्यांच्या हाताशी शतकानुशतकांच्या पातळीच्या नोंदी होत्या. १९५१ च्या त्यांच्या निबंधात नैसर्गिक मालिकांचे आकडे सरासरी ०.७३ च्या आसपास आहेत. एवढी लांब मालिका आणि एवढा मोठा परिणाम असेल तर थोडा बायस खपून जातो. आपण पाचशे दिवसांच्या भावांवर तेच हत्यार चालवतो आणि दशांशाच्या दुसऱ्या स्थानावरून पैसे लावतो.

आता तुमच्या प्रश्नातली खरी मौल्यवान गोष्ट: तो ०.०३. लोक हर्स्ट आणि ऑटोकोरिलेशन यांना दोन वेगळे साक्षीदार समजतात. ते एकाच घटनेचे दोन जबाब आहेत आणि एकमेकांशी ताडून बघता येतात. शेअर खरोखर एकाच हर्स्टने चालत असेल, म्हणजे एका दिवसापासून शंभर दिवसांपर्यंत सगळीकडे तोच उतार असेल, तर पहिल्या लॅगचं ऑटोकोरिलेशन त्याच आकड्यातून ठरतं:

`ρ1 = 2^(2H − 1) − 1`

हर्स्ट ०.५ ठेवा, शून्य येतं. ०.५५ ठेवा, ०.०७ येतं. तुमचा ०.६१ ठेवला तर ०.१६ ते ०.१७ यायला हवं. पाचशे रिटर्नवर ऑटोकोरिलेशनची चूक साधारण एक भागिले वर्गमूळ पाचशे, म्हणजे ०.०४५, दुप्पट धरली तर ०.०९. ०.१६ खरं असतं तर ते या पट्ट्याबाहेर ठळक दिसलं असतं. तुम्हाला दिसतंय ०.०३, म्हणजे शून्यापासून वेगळं न काढता येणारं. दोघांपैकी एक खोटं बोलतोय आणि कोण ते वर सांगितलंच आहे.

माझ्या त्या सहकाऱ्याच्या शेअरचं पहिल्या लॅगचं ऑटोकोरिलेशन ०.०२ होतं. तो आकडा त्याच्याच फाइलमध्ये, शेजारच्या रकान्यात होता. त्यावर तो म्हणाला, ‘‘हर्स्ट लाँग मेमरी पकडतो, ऑटोकोरिलेशनला ते दिसत नाही.’’ हे वाक्य तुम्हालाही कुणीतरी ऐकवणार, म्हणून सांगून ठेवतो. लाँग मेमरी म्हणजे दूरदूरच्या लॅगवरची बारीक-बारीक ऑटोकोरिलेशन्स एकाच दिशेला असणं. ती एकेकटी दिसत नाहीत हे कबूल, पण मग बेरीज करून बघा. व्हेरियन्स रेशो नेमकं तेच करतो: समजा वीस दिवसांच्या रिटर्नचं व्हेरियन्स, भागिले एका दिवसाच्या व्हेरियन्सची वीसपट. एकच्या वर गेलं तर चाल साचत जाते, खाली गेलं तर पुसली जाते. लो आणि मॅकिनले यांनी १९८८ मध्ये याची चाचणी दिली आणि तिचा एक प्रकार बदलत्या व्होलॅटिलिटीलाही टिकतो, जे शेअरसाठी अत्यावश्यक आहे. पुढे १९९१ मध्ये लो यांनी आर/एस पद्धतच सुधारून अमेरिकन बाजाराचे रिटर्न तपासले. जवळच्या लॅगचा परिणाम वजा केल्यावर लाँग मेमरीचा पुरावा उरला नाही. मी हे त्याला छापून दिलं होतं. ते कागद बरेच दिवस त्याच्या चहाच्या कपाखाली होते.

स्ट्रॅटेजी चालू झाली. खोटे ब्रेकआउट, दलाली, भावातला फरक, असं करत पैसा झिरपत गेला आणि काही महिन्यांनी ती गुपचूप बंद झाली. तेव्हा त्याचं स्पष्टीकरण काय? ‘‘रेजिम बदलला.’’ या शब्दाचा मला तेव्हापासून राग आहे. बदलायला आधी काहीतरी असावं लागतं. पिसलेल्या पत्त्यांचा रेजिम काय बदलणार?

असो. तुमच्या हातात तयार प्रोग्राम कुठला आहे तेही तपासा. इंटरनेटवर हर्स्टचे दोन प्रकार फिरतात. आर/एसवाल्याला रिटर्न द्यायचे असतात. दुसरा प्रकार वेगवेगळ्या लॅगच्या फरकांचं स्टँडर्ड डेव्हिएशन काढून उतार घेतो. त्याला लॉग भाव द्यायचे असतात. अदलाबदल झाली की पहिला भावांवर एकच्या जवळचा आकडा देतो आणि दुसरा रिटर्नवर शून्याच्या जवळचा. दोन्ही निकाल भारी वाटतात आणि दोन्ही कचरा असतात. ०.०५ किंवा ०.९७ असा हर्स्ट काढून नाचणारी मंडळी दिसली की समजायचं, खाऊ चुकीचा घातलाय. ऑटोकोरिलेशन भावांवर काढणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको, ते नेहमी ०.९९ येतं.

मग मीन रिव्हर्जनचं काय, हा तुमचा उरलेला अर्धा प्रश्न. ऑटोकोरिलेशन ठळक उणे आलं असतं तरी मी लगेच हो म्हटलं नसतं. कमी उलाढालीच्या शेअरमध्ये शेवटचा सौदा कधी बिडवर होतो, कधी आस्कवर. खरी किंमत जागची हललेली नसताना छापलेला भाव १०० आणि १००.५० यांच्यात उड्या मारतो, यालाच बिड-आस्क बाउन्स म्हणतात. खरी किंमत पूर्ण स्थिर आणि सौदे दोन्ही बाजूंना नाणेफेक केल्यासारखे पडत असतील तर पहिल्या लॅगचं ऑटोकोरिलेशन थेट उणे ०.५ येतं! कागदावर हे मीन रिव्हर्जनचं स्वप्न. प्रत्यक्षात १०० ला घेऊन १००.५० ला विकता येत नाही, कारण तुम्ही तातडीने घ्यायला जाता तेव्हा १००.५० मोजता आणि विकायला जाता तेव्हा १०० मिळतात. रोल यांनी १९८४ मध्ये हीच गोष्ट उलटी वापरून या उणे ऑटोकोव्हेरियन्सवरून स्प्रेडचा अंदाज बांधला. ओळखायचं कसं? शेवटच्या सौद्याऐवजी बिड आणि आस्कचा मध्य घेऊन पुन्हा काढा. तो मिळत नसेल तर पहिला लॅग सोडून दुसऱ्या-तिसऱ्या लॅगवर काही उरतंय का बघा. बाउन्स असेल तर सगळा उणेपणा पहिल्याच लॅगवर बसलेला सापडतो.

आणि समजा खरोखरच उणे ०.१ आहे, बाउन्स नाही. रोजची व्होलॅटिलिटी १.८ टक्के असेल तर सरासरी हालचाल त्याच्या ०.८ पट, म्हणजे १.४४ टक्के. कालच्या उलट बाजूला उभं राहिल्यावर रोजची अपेक्षित कमाई त्याच्या एक दशांश: साधारण ०.१४ टक्के. त्यातून दलाली, कर, स्प्रेड वजा करा. बहुतेकांचं इथेच संपतं. सांख्यिकीदृष्ट्या खरं असणं आणि परवडणं यांत एवढं अंतर आहे, आणि उणे ०.१ हे एकट्या शेअरसाठी चांगलंच मोठं आहे. ०.०५ सारखा साधा परिणाम पट्ट्याबाहेर दिसायलाच सोळाशे दिवस लागतात, सहा वर्षांहून जास्त. तेवढ्या काळात कंपनी तीच राहते का?

माझं मत विचाराल तर चाचणीवरून स्ट्रॅटेजी निवडायची ही वाटच उलटी आहे. आधी कारण ठरवा. समोरचा माणूस कोण आहे आणि तो मला पैसे का देईल? निर्देशांकातून शेअर वगळला म्हणून एखाद्याला विकावंच लागतंय, तर भाव परत येण्याला कारण आहे. निकालाची बातमी बाजार हळूहळू पचवतोय, तर चाल पुढे जाण्याला कारण आहे. कारणासोबत मुदतही येते, आणि मुदतीशिवाय ‘शेअर ट्रेंड करतो का’ या प्रश्नाला अर्थच नाही. अमेरिकन शेअरमध्ये एका महिन्याच्या चालीनंतर उलट चाल (जगदीश, १९९०), तीन ते बारा महिन्यांवर मोमेंटम (जगदीश आणि टिटमन, १९९३) आणि तीन ते पाच वर्षांवर पुन्हा उलट (डी बाँट आणि थेलर, १९८५), असं तिन्ही एकाच बाजारात सापडलंय, तेही एकेका शेअरमध्ये नव्हे, शेकडो शेअर्सच्या गटांत. आधी कारण, मग मुदत, मग त्या मुदतीवर व्हेरियन्स रेशो, आणि तो पिसलेल्या रिटर्नच्या पट्ट्याशी ताडून. चाचणीला फक्त नकाराधिकार द्यायचा. त्या डेस्कवर मी हेच म्हणत होतो आणि आजही म्हणतो.

दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. एक, पिसण्याने व्होलॅटिलिटीचे झुबकेही मोडतात (खळबळीचे दिवस एकत्र येतात ते), त्यामुळे पिसून मिळालेला पट्टा खऱ्यापेक्षा थोडा अरुंद असतो. म्हणजे पट्ट्याच्या जेमतेम बाहेर पडलेला आकडाही संशयितच धरा. त्याच न्यायाने ०.०४५ ची चूकही प्रत्यक्षात जास्त असते. स्प्लिट किंवा बोनसचा भाव समायोजित केलेला नसेल तर एकच उणे पन्नास टक्क्यांचा दिवस सगळं व्हेरियन्स खाऊन टाकतो आणि मग कुठलाच आकडा कामाचा राहत नाही.

दुसरी गोष्ट माझ्याच सूत्राविरुद्ध जाते. संथ मीन रिव्हर्जन पहिल्या लॅगवर दिसत नाही. दोन शेअर्सच्या जोडीचा स्प्रेड साठ दिवसांच्या हाफ-लाइफने सरासरीकडे परतत असेल, तर त्याच्या रोजच्या फरकांचं ऑटोकोरिलेशन उणे ०.००६ च्या आसपास असतं, म्हणजे व्यवहारात शून्य. साठ दिवसांचा व्हेरियन्स रेशो मात्र ०.७३ च्या आसपास उतरतो. अशा ठिकाणी ऑटोकोरिलेशनवरून ‘काही नाही’ म्हणणं चूक ठरेल. फक्त पाचशे दिवसांत साठ दिवसांचे स्वतंत्र तुकडे आठच बसतात, तेव्हा ०.७३ आला तरी तो योगायोग असू शकतो, आणि जोडीसाठी दहा वर्षांचा डेटा लागतो तो त्यामुळेच. तुमचा मात्र एकटा शेअर आहे, दोन वर्षं आहेत आणि प्रोग्राम आर/एसचा आहे. वरच्या चार ओळी चालवा, पिसलेल्यांचा पट्टा काय येतो ते खाली प्रतिक्रियेत टाका, आणि खिडक्या कुठून कुठपर्यंत घेतल्या तेही लिहा.